मराठी मुद्रितशोधन: पानाचा हिशेब, शैलीपत्रक आणि ट्रॅक चेंजेस – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रकाशनसंस्थांसाठी आणि मासिकांसाठी घरून मुद्रितशोधन करणाऱ्यांना बहुतेक वेळा पानाच्या दराने मोबदला मिळतो. व्याकरणाची चांगली जाण असलेली माणसेही या हिशेबात फसतात, कारण दर ठरतो पण पान ठरत नाही आणि पानावर कोणते काम अपेक्षित आहे हेही ठरत नाही. शैलीपत्रक, म्हणजे त्या पुस्तकासाठी ठरवलेल्या लेखनरूपांची यादी, आणि ट्रॅक चेंजेस, म्हणजे फाइलमधील प्रत्येक बदल खुणेने दाखवणारी सोय, यांचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे, म्हणून तिन्ही गोष्टींची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

प्रकाशक ‘पानाला अमुक रुपये’ म्हणतात, तेव्हा ते पान नेमके कोणते असते?

ते पान तीनपैकी एक असू शकते. लेखकाने पाठवलेल्या वर्ड फाइलचे ए-फोर आकाराचे पान, मांडणी झाल्यानंतरचे छापील पुस्तकाचे पान किंवा ठरावीक शब्दांचे कल्पित पान, ज्याला ‘प्रमाण पान’ म्हणता येईल. पहिल्या प्रकारात सर्वाधिक फसगत होते, कारण अक्षराचा आकार, ओळींतील अंतर आणि समास बदलले की त्याच मजकुराची पाने निम्मी होऊ शकतात. छापील पान त्या मानाने स्थिर असते, पण वर्ड फाइलवर काम करताना पुस्तकाची पाने किती होणार हे अजून कोणालाच ठाऊक नसते. त्यामुळे अक्षरजुळणीपूर्वीच्या कामासाठी शब्दसंख्येवर आधारलेले प्रमाण पानच धरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते २५० शब्दांचे की ३०० शब्दांचे, हे दोन्ही बाजूंनी काम सुरू होण्यापूर्वी लेखी मान्य करावे. त्यासाठी ईमेलमधील एक वाक्यही पुरते.

यामुळे मोबदल्यात खरोखर किती फरक पडतो?

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. समजा एका चरित्राची फाइल आली आहे, तिच्यात ५२,००० शब्द आहेत आणि ओळी दाट असल्यामुळे ती ए-फोरच्या ११८ पानांत मावली आहे. दर पानाला २० रुपये ठरला आहे. हा आकडा केवळ गणितासाठी घेतला आहे, तो बाजारभाव समजू नये.

फाइलची पाने धरली, तर मोबदला २,३६० रुपये होतो. छापील पानावर सुमारे २८० शब्द बसतील असे धरले, तर १८६ पाने होतात आणि मोबदला ३,७२० रुपये होतो. २५० शब्दांचे प्रमाण पान धरले, तर २०८ पाने होतात आणि मोबदला ४,१६० रुपये होतो. काम तेच आणि दरही तोच, पण सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त रकमेत १,८०० रुपयांचे अंतर पडले.

आता याच कामाकडे वेळेच्या बाजूने पाहावे. पहिल्या वाचनात तासाला २५० शब्दांची ७ पाने होत असतील, तर २०८ पानांना सुमारे ३० तास लागतात आणि ४,१६० रुपयांच्या हिशेबाने तासाला १३९ रुपये पडतात. त्याच रकमेत दुसरे वाचनही अपेक्षित असेल आणि ते तासाला १२ पाने या वेगाने होत असेल, तर आणखी १७ तास लागतात आणि तासाचा मोबदला ८९ रुपयांवर येतो. म्हणून दर ऐकल्याबरोबर होकार देऊ नये. मजकुराच्या मधल्या भागातील १० पाने घड्याळ लावून वाचावीत आणि मग उत्तर द्यावे. सुरुवातीची पाने घेऊ नयेत, कारण लेखकाने ती अनेकदा तपासलेली असतात आणि त्यांवरून पुढच्या मजकुराचा अंदाज येत नाही.

इंग्रजी मुद्रितशोधनाचा प्रतिशब्द दर मराठीला लावता येतो का?

तो जसाच्या तसा लावू नये. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. ‘घरासमोरच्या’ हा आपल्याकडे एकच शब्द आहे आणि त्यात सामान्यरूप, शब्दयोगी अव्यय आणि प्रत्यय अशा तीन जागी चूक होऊ शकते. तेवढाच आशय सांगायला इंग्रजीत अधिक शब्द लागतात, त्यामुळे शब्दसंख्येवर दर लावला की मराठी मजकुराचे काम मोजणीत कमी भरते.

साहित्य महामंडळाचे नियम असताना वेगळे शैलीपत्रक कशासाठी हवे?

मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक १४ नियमांना महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्यता दिली आणि १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. हे १८ नियम पाया म्हणून पुरेसे आहेत. ‘वकील’ पण ‘वकिलाला’, ‘गरीब’ पण ‘गरिबांना’, आणि तत्सम असल्यामुळे ‘शरीर’ पण ‘शरीराला’ अशा ठिकाणी वादाला जागा उरत नाही. मात्र नियम जिथे दोन रूपे चालवून घेतात किंवा जिथे गप्प राहतात, तिथे निर्णय प्रकाशकाला घ्यावा लागतो आणि तो निर्णय शैलीपत्रकात नोंदवला जातो.

उदाहरणार्थ, ‘असे केले’ आणि ‘असं केलं’ ही दोन्ही रूपे आज छापली जातात. चरित्रात निवेदन एकारान्त ठेवायचे आणि संवाद बोलीच्या वळणाने ठेवायचे, असे ठरले असेल, तर ते पत्रकात लिहिलेले असले पाहिजे. ते लिहिलेले नसेल, तर लेखकाने एकाच परिच्छेदात ‘त्यांनी पत्र लिहिले आणि लगेच पाठवलं’ असे लिहिले असताना शोधकाला कोणती बाजू दुरुस्त करावी हे कळत नाही. तीच गोष्ट अनुस्वाराची आहे. सर्वसाधारणपणे शीर्षबिंदू द्यायचा हे ठरलेले असले, तरी ‘वेदांत’ म्हणजे वेदांमध्ये आणि ‘वेदान्त’ म्हणजे तत्त्वज्ञान हा भेद पाळण्यासाठी तिथे परसवर्ण राखावा, म्हणजे बिंदूऐवजी ‘न्’ लिहावा लागतो. धर्म किंवा तत्त्वज्ञान या विषयांवरील पुस्तकात असे शब्द आधीच पत्रकात घालून ठेवावेत.

जुन्या उताऱ्यांबाबत मात्र नियमच स्पष्ट आहे. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे छापायचे असते, आणि त्यानंतरचे लेखन, या दोघांचे लेखन धरून, आजच्या नियमांनुसार छापायचे असते. चरित्रात एकोणिसाव्या शतकातील पत्रे उद्धृत केलेली असतील, तर कोणता उतारा कोणत्या बाजूला पडतो हे पत्रकात एकेक करून लिहावे. ते लिहिलेले नसेल, तर उत्साही शोधक जुन्या गद्यातले सगळे अनुस्वार पुसून टाकतो आणि ही हानी नंतर कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रकाशकाकडे शैलीपत्रकच नसेल तर काय करावे?

ते स्वतः तयार करावे आणि पहिल्या २० ते २५ पानांनंतर मान्यतेसाठी पाठवावे. त्यासाठी मोठा दस्तऐवज लागत नाही. दोन रकान्यांची एक साधी सारणी पुरते. डाव्या रकान्यात स्वीकारलेले रूप आणि उजव्या रकान्यात टाळायचे रूप किंवा कारण लिहावे. चरित्राच्या उदाहरणात ती साधारण अशी दिसेल:

| स्वीकारलेले रूप | टाळायचे रूप किंवा टीप |
|---|---|
| बँक, ऑफिस | बॅंक, ऑफीस |
| निवेदनात ‘केले’, संवादात ‘केलं’ | एका परिच्छेदात मिश्रण नको |
| अंक देवनागरी: १९४२ | 1942 |
| संवादाला दुहेरी अवतरण | एकेरी अवतरण फक्त शब्दनिर्देशासाठी |
| व्यक्तिनामे त्या व्यक्तीच्या स्वतःच्या लेखनाप्रमाणे | नियमाने दुरुस्त करू नयेत |

नोंदी अकारविल्हे ठेवाव्यात आणि प्रत्येक नोंदीसमोर ते रूप पहिल्यांदा जिथे आले तो पृष्ठांक घालावा. निर्णय बदलला, तर मागे कुठे जायचे हे त्यावरून कळते. पानाच्या दराने काम करणाऱ्याला या पत्रकाचा थेट आर्थिक फायदाही होतो, कारण एकच शब्द चौथ्यांदा आला की पुन्हा विचार करण्यात वेळ जात नाही. तीच संस्था दुसरे पुस्तक पाठवते तेव्हा हा फायदा अधिकच जाणवतो.

ट्रॅक चेंजेस चालू असताना मराठी मजकूर विस्कटलेला का दिसतो?

देवनागरीत व्यंजन आणि मात्रा ही साठवणुकीत वेगवेगळी चिन्हे असतात आणि पडद्यावर ती जुळून एक अक्षर दिसते. ‘वकीलाला’ हा शब्द दुरुस्त करताना फक्त दीर्घ वेलांटी पुसून ऱ्हस्व वेलांटी घातली, तर पुसलेली वेलांटी एका खुणेत आणि नवी वेलांटी दुसऱ्या खुणेत जाते. मग ‘क’ एकटा पडतो, त्याच्याशेजारी दोन सुट्या वेलांट्या दिसतात आणि अनेकदा त्यांच्याखाली ठिपक्यांचे वर्तुळही उमटते. लेखकाला किंवा संपादकाला त्यातून कोणता शब्द सुचवला आहे हे वाचताच येत नाही. असा बदल चुकून अर्धाच स्वीकारला गेला, तर छापील मजकुरात सुटी वेलांटी राहते.

यावर उपाय एकच आहे. मात्रा बदलायची असली, तरी पूर्ण शब्द निवडावा आणि तो नव्याने टंकावा. मग जुना ‘वकीलाला’ पूर्ण खोडलेला आणि नवा ‘वकिलाला’ पूर्ण घातलेला दिसतो. यात काही कळा जास्त दाबाव्या लागतात हे खरे, पण संपादकाचा वेळ वाचतो आणि शंका विचारणारे फोन थांबतात.

वर्डमध्ये `Review` या पट्टीतील `Track Changes` सुरू करावे आणि वाचताना दृश्य `All Markup` ठेवावे. लिब्रे ऑफिसमध्ये हीच सोय `Edit` मधील `Track Changes` खाली `Record` या नावाने आहे, तर गूगल डॉक्समध्ये `Suggesting` हा प्रकार निवडावा लागतो. काम झाल्यावर एकदा `No Markup` दृश्यात संपूर्ण मजकूर वाचावा. शब्द खोडल्यानंतर उरलेली दुहेरी मोकळी जागा आणि चिकटलेले दोन शब्द खुणांच्या गर्दीत दिसत नाहीत, ते या वाचनात सापडतात.

एकच चूक शेकडो ठिकाणी असेल, तर `Replace All` वापरावे का?

मराठीत ते फार जपून वापरावे. ‘कि’ हे उभयान्वयी अव्यय सर्वत्र ‘की’ करायला गेल्यास ‘किती’चे ‘कीती’ होते आणि ‘वकिलाला’ पुन्हा ‘वकीलाला’ होतो. आजूबाजूची मोकळी जागा धरून शोध घेतला तरी स्वल्पविरामाला लागून आलेली रूपे सुटतात, म्हणून एकेक जागा पाहत पुढे जाणेच बरे.

यातील सर्वांत त्रासदायक प्रकार ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांचा आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना आणि गुरुस्थानी असलेल्या आचार्यांना आपण वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितो. मूळ शब्द ‘आचारी’, ‘दुसरा’, ‘वारा’ असा असेल, म्हणजे ‘य’ सामान्यरूपात नव्याने आला असेल, तर ‘आचाऱ्यांना’, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याने’ असे लिहायचे. मूळ शब्दातच ‘र्य’ असेल, तर ‘आचार्यांना’, ‘कार्याला’, ‘सूर्याची’ असा रफार द्यायचा.

पहिले रूप युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येते. काही कळफलक `U+0931` हे नुक्ता असलेले ‘ऱ’ वापरतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर `U+200D` हे न दिसणारे जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण एक रूप शोधले तर दुसरे सापडत नाही. शिवाय एका आज्ञावलीतून दुसरीत मजकूर नेताना किंवा जुन्या टंकातील फाइल युनिकोडमध्ये आणताना ते न दिसणारे जोडचिन्ह गळून पडते आणि ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. एखाद्या फाइलमध्ये ‘दुसर्या’, ‘सार्या’, ‘करणार्या’ अशी रूपे सगळीकडे दिसली, तर ती लेखकाची चूक नसून फाइलच्या रूपांतरात झालेला बिघाड आहे असे समजावे. अशा वेळी `र्या` शोधून प्रत्येक जागी मूळ शब्द आठवत पुढे जावे लागते. ५२,००० शब्दांच्या मजकुरात हे काही तासांचे वेगळे काम होते आणि ते सामान्य मुद्रितशोधनाच्या दरात बसत नाही. रूपांतराचा बिघाड पहिल्या दहा पानांतच ओळखून प्रकाशकाला कळवावा. अनेकदा मूळ फाइल दुसऱ्या पद्धतीने रूपांतरित करून मिळते आणि सगळाच त्रास वाचतो.

कोणता बदल थेट करावा आणि कोणता टिप्पणीत सुचवावा?

नियमाने किंवा शैलीपत्रकाने ठरलेला बदल थेट करावा आणि त्यावर टिप्पणी लिहू नये. प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घाचे कारण देणारा शोधक संपादकाला थकवतो. अर्थ, तथ्य किंवा लेखकाची शैली यांना धक्का लागेल असा बदल टिप्पणीत सुचवावा. चरित्रनायकाचा जन्म एका पानावर १९०८ आणि पुढे १९०९ असा आला, तर शोधकाने स्वतः एक साल निवडू नये. ‘पृ. १४ वर १९०८, पृ. ६७ वर १९०९ आहे, कोणते ठेवायचे?’ एवढे लिहावे. टिप्पणी अशी असावी की तिचे उत्तर एका शब्दात देता येईल.

वाक्ये पुन्हा रचावी लागत असतील, परिच्छेद हलवावे लागत असतील, तर ते संपादन आहे आणि त्याचा दर वेगळा असायला हवा. हा मुद्दा मांडताना ट्रॅक चेंजेसच्या खुणांचा फार उपयोग होतो. नमुन्याची १० पाने खुणांसह पाठवावीत आणि पानामागे कितीतरी वाक्ये बदलावी लागत आहेत हे दाखवावे. तोंडी तक्रारीपेक्षा ती पाने पाहून प्रकाशक लवकर निर्णय घेतो, असा माझा अनुभव आहे.

मांडणी झालेली पीडीएफ आली की काय वेगळे पाहायचे?

आता मजकुरापेक्षा पान पाहायचे असते. अनुक्रमणिकेतील पृष्ठांक, पानाच्या माथ्यावरची प्रकरणाची नावे, तळटीपांचे क्रमांक, पानाच्या शेवटी एकटी राहिलेली ओळ आणि बिघडलेली जोडाक्षरे तपासावीत. खुणा पीडीएफमधील टिप्पणीच्या साधनांनीच कराव्यात आणि या टप्प्यावर नवी शैलीगत दुरुस्ती सुचवू नये, कारण एक ओळ वाढली तरी पुढची पाने सरकतात. मागच्या मुद्रितातली प्रत्येक दुरुस्ती झाली आहे की नाही याचा ताळा घेणे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे. दुरुस्तीच्या शेजारचा शब्दही पुन्हा वाचावा, कारण मांडणीकाराच्या हातून नवी चूक तिथेच होते.

दुसऱ्या मुद्रिताचे वेगळे पैसे मागावेत का?

होय, आणि ते सुरुवातीलाच मागावेत. पहिले वाचन, दुरुस्त्यांचा ताळा आणि अंतिम मुद्रित ही तीन वेगवेगळी कामे आहेत. ताळ्याला पहिल्या वाचनाच्या निम्मा दर किंवा त्याच्या आसपास मागणे रास्त ठरते, कारण वेळही साधारण त्याच प्रमाणात लागतो. मात्र लेखकाने मध्येच दोन प्रकरणे नव्याने लिहून पाठवली, तर त्या पानांना पहिल्या वाचनाचाच दर लागतो, हे आधी सांगून ठेवावे. नवा मजकूर कोणता हे वर्डमधील `Compare` ने दोन फाइली ताडून पाहिल्या की लगेच कळते आणि शब्दसंख्याही मोजता येते.

मासिकाच्या कामात हिशेब कसा वेगळा असतो?

मासिकात पानावर जाहिराती आणि चित्रे असतात, त्यामुळे पूर्ण पान, अर्धे पान असा हिशेब लवकर गोंधळात पडतो. इथेही शब्दसंख्या बरी. शिवाय प्रत्येक लेखाचा लेखक वेगळा असल्याने शैलीपत्रक अधिक मोठे होते आणि पहिल्या एक-दोन अंकांना जास्त वेळ लागतो. दिवाळी अंकांच्या आधीच्या आठवड्यांत काम एकदम अंगावर येते, म्हणून रोज किती शब्द वाचता येतील हे सांगूनच अंक घ्यावा. रात्रीतून परत हवा असलेल्या लेखाला जादा दर लावणे गैर नाही.

बिलात काय लिहावे?

पुस्तकाचे किंवा अंकाचे नाव, कामाचा टप्पा, शब्दसंख्या, प्रमाण पानाची व्याख्या, पाने, दर, एकूण रक्कम आणि फाइल परत पाठवल्याची तारीख लिहावी. वर दिलेल्या चरित्राच्या बिलात ‘पहिले वाचन, ५२,००० शब्द, २५० शब्दांचे एक पान, २०८ पाने, दर २० रुपये, एकूण ४,१६० रुपये’ अशी एक ओळ पुरते. शब्दसंख्या काम सुरू होण्यापूर्वीच्या मूळ फाइलवरून घ्यावी, कारण दुरुस्तीनंतर शब्द कमी-जास्त होतात. रक्कम कधी मिळणार हे प्रकाशनाच्या तारखेशी बांधू देऊ नये. काही संस्था ‘पुस्तक बाजारात आले की’ असे सांगतात, पण पुस्तक कधी येईल हे शोधकाच्या हातात नसते. फाइल परत पाठवल्यापासून ३० दिवस अशी मुदत कामाच्या पहिल्याच ईमेलमध्ये घालावी आणि खुणा असलेली फाइल, खुणा नसलेली फाइल आणि शैलीपत्रक यांच्यासोबतच बिल पाठवावे.